पंच्याहत्तर किलोंचा पौष

सानगडीत अजूनही कोणी जुनं माणूस भेटलं की म्हणतं, "चंद्रकांताबाई, सत्यवतीबाईची तुमी लई सेवा केली." मी मान हलवते आणि विषय बदलते. सेवा केली हे खोटं नाही. पण ती का केली हे ठाऊक असणारी माणसं आता दोन-तीनच उरली आहेत, आणि इतकी वर्षं ती गप्प राहिली हा त्यांचा मोठेपणा. माझा त्यात काहीच नाही. म्हणून आज मीच सांगून टाकते.

सत्यवतीबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या भावाची बायको. माझे मालक घनश्याम त्यांना मोठीमाय म्हणत, म्हणून मीही मोठीमायच म्हणायची. लग्नानंतर सहाव्या वर्षी त्यांचा नवरा तापाने गेला, मूलबाळ नव्हतं, माहेरी कोणी विचारणारं नव्हतं. तेव्हापासून त्या या घराच्या चुलीपुढे बसल्या त्या बसल्याच. ठेंगणी, सावळी बाई. धुराने एक डोळा सतत पाणावलेला. बोलणं इतकं हळू, की त्यांनी काही सांगितलं तरी सांगितलं असं समोरच्याला वाटायचंच नाही. मी या घरात आले तेव्हा सासूबाई जाऊन वर्ष झालं होतं. रिवाजाने किल्ल्या मोठीमायकडे जायला हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "मले काहून? घरची सून येऊन राहिली नं." आणि आल्या आल्या कोठीची किल्ली माझ्या कमरेला लागली. एकवीस वर्षांची पोर मी, माझी मान त्या किल्लीने आणखीनच ताठ झाली.

मान आधीच ताठ होती म्हणा. माझे वडील भैय्यालाल, शहापूरला हायवेच्या कडेला त्यांचं किराणा-धान्याचं दुकान. मी दहावी पास. पण खरं शिक्षण दुकानात झालेलं. तागडीचा काटा कुठे थांबेल ते मला माल टाकतानाच कळायचं. शंभर ग्रॅमचा फरक मी पिशवी उचलून सांगायची आणि गिऱ्हाईक तोंडात बोट घालायचं. सासरी येताना मी भांड्यांबरोबर एक तागडी आणि वजनांचा संच मागून घेतला होता. मोठीमायनी ती तागडी पाहून विचारलं, "याईले रोज लागते का?" मला ते फार गावंढळ वाटलं होतं.

पहिली दोन वर्षं धान चांगलं होतं, त्यामुळे घरात मोजायची वेळच आली नाही. मग एकोणऐंशी साल आलं. रोवणे, म्हणजे धानाची लावणी, कसेबसे झाले, त्यानंतर पावसाने पाठ फिरवली ती फिरवलीच. तलावात गुडघाभर पाणी आणि वरच्या बांध्यांमधलं धान उभ्या जागी वाळलेलं. चार आणेही पीक हाती लागलं नाही. दिवाळीनंतर सासरे मारोतराव कोठीसमोर उभे राहिले. आत बांबूच्या, शेणाने लिंपलेल्या धान्याच्या ढोल्या होत्या. त्यांनी एकेक ठोकून पाहिली आणि ओसरीत येऊन बसले. घरात आम्ही सात माणसं आणि सालदार डोमा, अशी आठ तोंडं.

"पुढच्या पिकापर्यंत जायाचं हाय," ते म्हणाले. "महिन्याले पंच्याहत्तर किलो तांदूळ, नऊ किलो दाळ, तीन किलो तेल. अमावस्या झाली का दुसऱ्या दिवशी कोठी उघडाची, महिन्याचं काढाचं, का बंद. मधात उघडाची नाई. कमी पडलं तं बियाण्याच्या ढोलीले हात लागते, अन् बियाणं खाल्लं तं पुढचं सालही गेलं."

मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "सूनबाई, तुमच्या हातात तराजू हाय. तुमी पाहा."

मला आनंद झाला, हे सांगायला आज लाज वाटते. घरावर दुष्काळ आलेला आणि मला वाटलं, चला, आता माझं काम दिसेल. मी वहीच्या पानावर मांडलं. दिवसाला अडीच किलो तांदूळ, तीनशे ग्रॅम डाळ, शंभर ग्रॅम तेल. तिसांनी गुणलं की बरोबर. इतकं सोपं. ते पान मी कोठीच्या दाराला आतून चिकटवलं.

मोठीमायना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांनी ते पान पाहिलं, हात लावला नाही. फक्त म्हणाल्या, "रोज सारखं नाई करत, बाई. महिना लागला का पयले आठ-दस दिवस हात आखडाचा. तवा डबा भरला दिसते, पोट आपोआप भरते. मंग शेवटाले सैल सोडाचा."

मी म्हटलं, "मोठीमाय, पंच्याहत्तर भागिले तीस. याच्यात पोटाचा काय संबंध?"

त्या हसल्या. त्या दिवसापासून तांदूळ माझ्या पानाप्रमाणे आणि डाळ-तेल त्यांच्या पद्धतीप्रमाणे, अशी न बोलता वाटणी झाली.

त्यांची पद्धत मी नाक मुरडून पाहायची, पण पाहायची. नऊ किलोंत सात किलो लाखोळी आणि दोनच किलो तूर. तूर त्या पाहुणा आला तर किंवा सणावाराला काढत. लाखोळीची डाळ आदल्या रात्री कढत पाण्यात भिजवून ते पाणी सकाळी फेकून देत, मग पुन्हा धुऊन शिजवत. "थे पाणी पोटात गेलं तं पायातली ताकद जाते," म्हणत. आणि सलग तीन दिवस लाखोळी त्यांनी कधी केली नाही. दोन दिवस वरण झालं की तिसऱ्या दिवशी ताकाची कढी, तिच्यात डाळीचा दाणा नाही. एखाद्या दिवशी तलावातले झिंगे, रुखमिणी ढिवरीन आणून द्यायची. कधी कोचईचं, म्हणजे अळकुड्यांचं, कालवण, कधी लाखोळीच्या पाल्याची भाजी डाळीत घोटून, म्हणजे दीडशे ग्रॅम डाळ आठ माणसांना भरपूर दिसायची. तेलाचंही तसंच. लसूण-मिरची आधी कोरड्या कढईत भाजायची, मग वरून छोटी पळीभर जवसाचं तेल, म्हणजे वास आठ पळ्यांचा यायचा. सकाळी सगळ्यांना रात्रीचा पाण्यात ठेवलेला शिळा भात, कांदा आणि जवसाची चटणी. चटणीतच तेल असतं, वेगळं घ्यावं लागत नाही. या बाईने कधी वजन उचललं नव्हतं, पण महिना तिच्या बोटांवर होता. मला ते तेव्हा कळलं नाही. मी म्हणायची, अंदाजपंचे कारभार.

कार्तिक आणि मार्गशीर्ष माझ्या गणिताप्रमाणे चोख पार पडले. शेवटच्या दिवशी डब्यात मूठ-दीड मूठ तांदूळ उरला. सासऱ्यांनी डोमासमोर म्हटलं, "तराजूवालीनं घर सांभाळलं." मी दोन दिवस जमिनीवर चालत नव्हते.

मार्गशीर्षाच्या शेवटी जुन्या धानाची ढोली रिकामी झाली. पौषाच्या महिन्यासाठी घनश्यामनी यंदाचं, नुकतंच मळलेलं धान गिरणीवर नेलं आणि पंच्याहत्तर किलो पांढराशुभ्र तांदूळ आणला. मी तो पत्र्याच्या मोठ्या डब्यात भरला आणि डबा स्वयंपाकघरात मोठीमायच्या हाती दिला. माझं पान तेच. अडीच किलो रोज.

तिसऱ्या-चौथ्या दिवशीच जेवणाच्या पंगतीत कुरबूर सुरू झाली. डोमा शेवटचा जेवायचा, त्याला गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, तळाचा भात यायचा. माझा दीर खुशाल जेवून उठला की तासाभरात म्हणायचा, "काहीतरी दे वहिनी, पोट खाली लागून राहिलं." मी म्हटलं, थंडी आहे, भूक लागतेच. मोठीमाय एकदा माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "नवा तांदूळ हाय, बाई. याले जास्त लागते." मी म्हटलं, "नवा असो की जुना, किलो म्हणजे किलो." त्या चुलीकडे वळल्या. माझ्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं त्या घराने पाहिलं नव्हतं.

आता मी काय केलं ते सांगते. यापुढचं सांगताना अजूनही माझे कान गरम होतात.

विसाव्या दिवशी दुपारी मी तागडी घेऊन स्वयंपाकघरात गेले. पन्नास किलो संपून पंचवीस उरायला हवे होते. मी दोनदा मोजलं. सोळा. नऊ किलो तांदूळ कमी. मी डाळ मोजली, ती तीन किलो उरायला हवी होती, साडेतीन भरली. तेलही किलोच्या जागी सव्वा किलो. कोणत्याही शहाण्या माणसाला तिथेच कळलं असतं, की घरात चोर असता तर तेल-डाळ सोडून नुसता तांदूळ कशाला नेता? मला कळलं नाही. माझ्या डोक्यात एकच, माझं गणित कोणीतरी मोडलं.

आणि कोणी मोडलं हेही मी ठरवून टाकलं होतं. चार-पाच वेळा मी मोठीमायना दुपारी पदराखाली झाकलेला गडवा घेऊन मागच्या दाराने ढिवरांच्या मोहल्ल्याकडे जाताना पाहिलं होतं. परत येताना पदरात भाजीचा पाला असायचा. म्हणजे आमचा तांदूळ देऊन पाला आणतात. वा रे कारभार.

त्या चुलीपाशी बसून पाला निवडत होत्या. मी दारात उभी राहून विचारलं, "मोठीमाय, नऊ किलो तांदूळ कुठे गेला?"

"गंजात गेला, बाई. अडीच पुरत नाई, मी तीनाच्या जवळ टाकतो."

"न विचारता?"

"सांगतलं होतं तुले."

"आणि तो गडवा? रुखमिणीकडे काय जातं रोज?"

त्या वर पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मांड."

भाताचं निथळून काढलेलं पाणी! मला ते इतकं उघड खोटं वाटलं की माझा आवाज चढला. आवाज ऐकून घनश्याम ओसरीवरून आले, खुशाल आला, डोमा गोठ्यातून येऊन अंगणात थांबला. सासरे साकोलीला गेले होते, ते असते तर हे घडलं नसतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमचं गाठोडं आणा."

कोणी मला अडवलं नाही. घनश्याम नुसते "अवो" म्हणाले. मोठीमाय उठल्या. त्यांच्या कोपऱ्यातल्या खुंटीवरचं गाठोडं त्यांनी स्वतः काढून माझ्यापुढे ठेवलं आणि स्वतःच गाठ सोडली. दोन लुगडी, एक घोंगडी, नवऱ्याची जुनी टोपी. आणि सगळ्यांत खाली, धोतराच्या फडक्यात बांधलेला तांदूळ.

मी तो तिथेच तागडीत टाकला. साडेतीन किलो. डोमा अंगणातून मागे फिरला आणि गोठ्यात गेला.

"हे साडेतीन," मी म्हटलं. "बाकीचे साडेपाच कुठे आहेत?"

त्या लुगड्याच्या घड्या करत होत्या. त्यांच्या हाताला वेग नव्हता आणि कंपही नव्हता. घड्या झाल्यावर म्हणाल्या, "आजपासून तूच शिजव, बाई. माझा हात जड हाय." आणि मागच्या पडवीत जाऊन बसल्या.

मीही इरेला पेटले होते. म्हटलं, शिजवते की. आणि तोच तांदूळ शिजवते, म्हणजे सगळ्यांच्या ताटात दिसेल. रात्रीसाठी माझ्या पानाप्रमाणे सव्वा किलो, अगदी काट्यावर मोजून त्या फडक्यातला घेतला. गंजात मोठीमाय घालत तेवढंच पाणी घातलं.

थोड्या वेळाने झाकण हलायला लागलं. पाहते तर पाणी सगळं पिऊन तांदूळ अजून कडक. मी आणखी एक लोटा घातला. तोही प्याला. मग आणखी एक. भात वाढत वाढत गंजाच्या काठाला आला आणि झाकण वर उचललं गेलं. मांड काढायला गेले, तर आला तो पाण्यासारखा पातळ. वीस दिवस मी त्या घरात असा गंज पाहिला नव्हता. मोठीमाय दीड किलोच्या जवळ टाकत, तरी तो रोज काठाच्या चार बोटं खाली असायचा आणि मांड खिरीसारखा दाट निघायचा.

मी गंजापुढे बसून राहिले. भात शितनशीत मोकळा, किंचित पिवळसर. मी चुलीच्या उजेडात उरलेला कच्चा तांदूळ हातावर घेतला. तोही पिवळसर. पत्र्याच्या डब्यातला काढला, तो पांढराशुभ्र. दोन तळहातांवर दोन तांदूळ. आणि मी दुकानदाराची मुलगी. आमच्या दुकानात जुन्या तांदळाचं पोतं वेगळं असायचं आणि त्याचा भाव चढा असायचा. हजार वेळा मी ओरडले असेन, "जुना घ्या, जुना, भाताला फुलतो." बाबांनी शिकवलेलं ते वाक्य मी पोपटासारखं म्हणायची. फुलतो म्हणजे काय होतं हे मी कधी चुलीपुढे बसून पाहिलंच नव्हतं. नवा तांदूळ पाणी कमी पितो, कमी वाढतो, आणि पोटात गेला की लवकर विरघळतो. हे इथल्या शेंबड्या पोरीलाही ठाऊक. कार्तिक-मार्गशीर्षात माझं गणित बरोबर आलं ते जुन्या धानाच्या जिवावर. तराजूवालीच्या नव्हे.

आणि हा पिवळा तांदूळ आमच्या डब्यातला असणं शक्यच नव्हतं. या पौषात आमच्या घरात जुन्याचा दाणा नव्हता.

एवढ्यात मागच्या दारातून हाक आली. रुखमिणी होती. तिची सून आठ दिवसांची बाळंतीण होती. "सत्यवतीबाई नाई का आज? पोरगी मांडाची वाट पाहून राहिली. नव्या तांदळाचा मांड लई ताकदीचा, तिले दूध सुटलं त्यानं." तिने पाल्याची जुडी उंबऱ्यावर ठेवली. मी तिच्या गडव्यात तो पातळ मांड ओतला. तिने आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि गेली.

सासरे रात्री परत आले. पंगत बसली. मी वाढत होते. मोठीमाय पडवीतून आल्याच नाहीत. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. बोटांनी शितं वेगळी करून पाहिली.

"हा तं दोन सालाचा जुना तांदूळ हाय," ते म्हणाले. "आपल्या घरी कोठून आला?"

खुशालने ताटात मान घातली. घनश्याम माझ्याकडे पाहत होते. मी तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी भात घेऊन पुढच्या ताटाकडे वळले. शेवटी डोमा बोलला. सालदार माणूस, मालकाच्या घरच्या गोष्टीत बोलायची त्याची जागा नव्हती, पण तोच बोलला.

"सत्यवतीमायचा हाय, मालक. मागच्या साली, त्याच्या मागच्या साली धान कापल्यावर माय बांधीत पडलेल्या लोंब्यांचा शिला वेचे. माह्यासमोर वेचला. दाणादाणा. म्हणे, माह्या तेरवीचा हाय. मी मेली तं घरच्या कोठीतलं जाऊ नये."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. त्यांनी मला काही विचारलं नाही, कारण माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असणार. त्यांनी ताटाला नमस्कार केला, उठले, आणि पडवीच्या दारात जाऊन म्हणाले, "वहिनी, आमी खाल्लं तुमचं. मले ठाव नव्हतं."

आतून मोठीमायचा आवाज आला, "जेवा भाऊजी, उष्टं टाकू नका. असल्या सालात अन्न टाकत नाई."

ते परत आले आणि जेवले. सगळेच जेवले. त्या रात्री पोट भरून भात उरला, महिन्यात पहिल्यांदाच.

मी उरलेला सव्वादोन किलो तांदूळ त्याच फडक्यात बांधून पडवीत गेले. पाया पडले. "मोठीमाय, चुकलं माझं. हा तुमचा घ्या. जो शिजला त्याच्या बदल्यात मी जुना तांदूळ शहापूरहून आणून देईन."

त्यांनी फडकं घेतलं नाही. रागाने बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्या समजावत होत्या. "थे आता तागडीत आलं नं बाई. मापात आलं थे घरचं. ठेव डब्यात. दस दिवस काढाचे हायत."

आणि दहा दिवस त्यांनीच काढले. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पाहते तर चूल पेटलेली आणि त्या समोर. सव्वाअठरा किलो तांदूळ, दहा दिवस, आणि बियाण्याची ढोली बंदच राहायला हवी. त्यांनी तांदूळ चाळून कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, वेगळी केली. रात्री कनकीची घट्ट पेज, लसणाची फोडणी दिलेली, कारण पेजेत पाणीही पोटाला लागतं. दुपारचा भात एकच वेळ, तोही अर्धा जुना अर्धा नवा मिसळून. साठवलेली अर्धा किलो डाळ आता बाहेर आली, वरण दाट झालं, त्यामुळे भात कमी लागला. तेल उरवलं होतं ते संक्रांतीसाठी होतं, हे मला तेव्हा कळलं. त्यांनी तेवढ्यातही तिळाची वडी आणि ताटामागे दोन-दोन वडे केले. अमावस्येला डब्यात एक मूठ तांदूळ होता. बियाणं वाचलं. सासरे या वेळी कोणाचं नाव घेऊन काही बोलले नाहीत.

मी दाराला चिकटवलेलं पान फाडून चुलीत टाकलं. मला वाटलं, एवढ्याने संपेल.

पण माघाच्या पहिल्याच दिवसापासून मोठीमाय स्वयंपाकाला बसण्याआधी मला हाक मारू लागल्या. "चंद्रकांता, माप काढून दे, बाई." मी म्हणायची, तुम्हीच घ्या नं हाताने. त्या सूप पुढे धरून बसून राहायच्या. मी मोजून टाकेपर्यंत डब्याला हात लावायच्या नाहीत. स्वतःचं ताटही त्या वाढून घेईनात. सगळ्यांचं झालं की ताट माझ्यापुढे धरायच्या, मी वाढेन तेवढं. मी मुद्दाम जास्त वाढलं तर वरचा भात काढून परत गंजात. मुलं झाली, ती विचारायची, आजी हाताने का घेत नाही? मी काय सांगणार?

पुढच्या साली पाऊस बरा झाला, त्याच्या पुढच्या साली धान भरभरून आलं. ढोल्या भरल्या, महिन्याचं माप बंद झालं, कोठी उघडीच राहू लागली. मी एकदा हात जोडून म्हटलं, "मोठीमाय, आता कायचं माप? घरात दोन सालाचं धान हाय. मला आणखी किती शिक्षा करता?"

त्यांना खरोखरच आश्चर्य वाटलं. "शिक्षा कायची, बाई? तू मोजलेलं असलं का तुह्या मनाले बरं वाटते. मले काय, मी कशीही खातो."

मला त्यांनी कधीच शिक्षा केली नाही. त्यांना वाटत होतं की मी अशीच आहे, आणि घरात राहायचं तर माझ्यासारख्या माणसाबरोबर असंच राहावं लागतं. बस. तेवढंच त्यांनी माझ्याबद्दल शिकून घेतलं होतं, आणि सात वर्षांत मी ते बदलू शकले नाही. जुना तांदूळ मी दरवर्षी त्यांच्या नावाने बांधून त्यांच्या खुंटीखाली ठेवला. त्या तो नव्या मापाबरोबर डब्यात ओतून टाकत.

शहाऐंशीच्या आषाढात त्या पडल्या. अंगात ताप, पोटात काही ठरेना. डॉक्टर म्हणाले, पेज द्या, जेवढी घेतील तेवढी. मी जुन्या तांदळाची मऊ पेज केली, मीठ घातलं, वाटीत घेऊन उशाशी बसले. दोन चमचे घेतले. तिसऱ्याला त्यांनी ओठ मिटले.

"घ्या नं, मोठीमाय. थोडी."

त्यांनी डोळे उघडले. आवाज नव्हताच, मी कान जवळ नेला.

"मोजलं का तू?"

मी म्हटलं, "नाही मोजलं. मोजायचं नाही. तुम्ही खा."

त्यांनी मान हलवली. "मोज बाई पयले. मंग देजो."

मी वाटी खाली ठेवली. मला वाटलं की त्यांच्या पायावर डोकं ठेवून रडावं, पण त्या वाट पाहत होत्या आणि पेज थंड होत होती. मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन तागडी काढली, वाटी पारड्यात ठेवली, दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली. काटा थांबेपर्यंत थांबले. परत येऊन सांगितलं, "पाव किलो भरली, मोठीमाय. वाटीसकट."

तेव्हा त्यांनी तोंड उघडलं आणि मी चमचा लावला.